‘आपला फोटो’ म्हणजे कुणाचा? : परवानगी मागणाऱ्या एका घरगुती पत्राचा अभ्यास

पत्रलेखन हा विषय मी गेली सत्तावीस वर्षे पदवीच्या वर्गाला शिकवते आहे. मायना, मजकूर, समारोप अशी त्याची चौकट फळ्यावर काढून देते, कार्यालयीन आणि कौटुंबिक पत्रांतला फरक समजावते आणि उत्तरपत्रिकांत गुण देते. या काळात मी स्वतः लिहिलेल्या एका पत्राला नापास व्हावे लागले ते २०२४च्या ऑगस्टमध्ये. नापास करणारी परीक्षक होती ग्वाल्हेरला राहणारी माझी आत्या, वय ब्याऐंशी. तिचे उत्तर एका ओळीचे होते : “आपला फोटो म्हणजे कुणाचा, ते आधी लिही.”

या एका ओळीने मला मराठीतील एका सर्वनामाकडे आणि एका क्रियारूपाकडे पुन्हा पाहायला लावले. त्या दोन्ही गोष्टी आणि त्यांच्या अनुषंगाने परवानगीच्या पत्राची घडण वाचकांपुढे ठेवते.

प्रसंग

माझ्या आईवडिलांच्या लग्नाला त्या वर्षी डिसेंबरात साठ वर्षे पूर्ण होत होती. आम्ही तिघा भावंडांनी त्यांना एक चित्र द्यायचे ठरवले. त्यांचा १९६४चा स्टुडिओतला लग्नाचा फोटो घ्यायचा आणि तो नातेवाइकांच्या शेकडो लहान फोटोंचे चौकोन जोडून पुन्हा उभा करायचा. लांबून पाहिले तर नवरानवरी, जवळ गेले तर सारे गणगोत. फोटोवाले याला मोझेक म्हणतात.

आकार ठरला छत्तीस इंच गुणिले चोवीस इंच आणि प्रत्येक चौकोन अर्ध्या इंचाचा. म्हणजे एका बाजूने बहात्तर, दुसऱ्या बाजूने अठ्ठेचाळीस, एकूण ३,४५६ चौकोन. आमच्याकडे फोटो होते २८८. त्यामुळे एकेक फोटो सरासरी बारा ठिकाणी येणार होता. कोणता फोटो कुठे जाईल हे माणूस ठरवत नाही. संगणक प्रत्येक फोटोचा सरासरी उजेड मोजतो आणि काळसर फोटो केसांच्या जागी, उजळ फोटो कपाळाच्या किंवा शालूच्या जागी बसवतो. एवढे करूनही चेहरा नीट उमटावा म्हणून प्रत्येक चौकोनाचा रंग थोडा गडद किंवा फिका केला जातो.

हे सारे तपशील पत्रलेखनाच्या लेखात कशाला, असे वाटेल. परंतु माझ्या पहिल्या पत्रात नेमके हेच नव्हते आणि पत्र फसले ते त्यामुळेही.

पहिले पत्र

इंदूर, देवास, ग्वाल्हेर, बडोदे आणि पुणे इथल्या एकतीस घरांना मी एकच मजकूर पाठवला. सोबत नमुना म्हणून चार-सहा चौकोनांचे चित्र होते. मजकूर असा :

“सा. न. वि. वि. ती. आईबाबांच्या विवाहाच्या हीरक महोत्सवानिमित्त आपल्या सर्वांच्या फोटोंचे एक एकत्रित चित्र त्यांना भेट देण्याचे योजिले आहे. त्यासाठी आपले फोटो वापरत आहोत. आपली हरकत नसावी. कळावे, लोभ असावा. आपली, ...”

परीक्षेत मी या पत्राला चांगले गुण दिले असते. मायना आहे, समारोप आहे, शुद्धलेखन ठीक आहे, सूर नम्र आहे. एकतीसपैकी नऊ घरांतून ‘छान कल्पना’ असे उत्तर आले, एकवीस घरे गप्प राहिली आणि आत्याने वरचा प्रश्न विचारला.

‘आपण’ : तीन अर्थांचे सर्वनाम

‘आपण’ या सर्वनामाची मराठीत तीन कामे आहेत. ते स्वतःवाचक आहे : तो आपण होऊन आला. ते आदरार्थी द्वितीय पुरुष आहे : आपण केव्हा आलात? आणि ते ऐकणाऱ्याला सामावून घेणारे प्रथमपुरुषी अनेकवचन आहे : चला, आपण जाऊ. या तिसऱ्या अर्थाने ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांत मराठी जो भेद करते, तो आपल्या भाषेचा मोठा ठेवा आहे. ‘आम्ही जेवतो’ म्हटले की समोरच्याला ताट नाही. ‘आपण जेवू’ म्हटले की आहे.

आता ‘आपले फोटो वापरत आहोत’ हे वाक्य पाहा. आदरार्थी वाचले तर ‘तुमचे फोटो’. समावेशक वाचले तर ‘आपणा सर्वांचे, घरातले फोटो’. पहिल्या अर्थी वस्तू दुसऱ्याची आहे आणि ती मागायला हवी. दुसऱ्या अर्थी ती सामाईक आहे आणि फक्त कळवले तरी पुरे. मी लिहिताना मनात दुसरा अर्थ धरला होता, कारण फोटो आमच्या घरच्या अल्बममध्ये होते. मागण्याचा सूर मात्र पहिल्या अर्थाचा ठेवला होता. एकाच शब्दाने मला नम्रही दिसता आले आणि न विचारताही राहता आले. हे मी जाणून केले नाही, पण म्हणून ते झाले नाही असे नाही.

आपल्या प्रदेशात या घोटाळ्यात आणखी एक पदर मिसळतो. हिंदीत ‘आपका’ आणि ‘अपना’ हे वेगळे शब्द आहेत. इंदूरकडच्या बोलीत तर ‘अपन’ हा खास समावेशक शब्द आहे. हिंदी माध्यमात शिकलेली आमची पुढची पिढी मराठी ‘आपले’ वाचते तेव्हा कानात ‘आपके’ वाजते. माझ्या देवासच्या भाच्याने मला फोन करून विचारले, “मावशी, माझे कोणते फोटो आहेत तुझ्याजवळ?” त्याला वाटले, मी त्याच्या मोबाइलमधले काही घेतले. पुण्याच्या चुलतभावाने तोच मजकूर ‘घरचे फोटो’ असा वाचला आणि सोडून दिला.

आत्याची हरकत आणखी जवळची होती. नंतर फोनवर ती म्हणाली, “तू मला जन्मात कधी ‘आपण’ म्हटलं नाहीस. पत्रात म्हटलंस तेव्हाच समजले की काहीतरी काढून घ्यायचे आहे.” एकतीस घरांना एक मजकूर पाठवायचा म्हणून मी सर्वांना एकाच सर्वनामात बसवले होते. ज्या आत्याशी मी ‘तू’ने बोलते तिला आदर मिळाला, पण जवळीक गेली.

‘हरकत नसावी’ : एक शिष्टाचारी क्रियारूप

‘नसावी’ हे विध्यर्थी रूप. त्याचे दोन अर्थ आपण व्याकरणात शिकवतो. एक इच्छेचा : हरकत नसावी अशी माझी इच्छा आहे. दुसरा तर्काचा : हरकत बहुधा नसेलच. ‘तो आता घरी पोचला असावा’ यातला ‘असावा’ हा तर्काचा. दोन्ही अर्थांत एक गोष्ट समान आहे. वाक्य प्रश्नार्थक नाही. ज्याला उत्तर लागतच नाही, असे हे वाक्य आहे.

त्यातून आपल्या पत्राचा समारोपही याच रूपाचा : ‘लोभ असावा’. पिढ्यानपिढ्या वाचून या ‘असावा’ला आपण उपचार मानायला शिकलो आहोत. ‘लोभ असावा’ला कुणी ‘बरे, ठेवते’ असे उत्तर लिहीत नाही. त्याच्या लगत ‘हरकत नसावी’ आले की तेही उपचारात जमा होते. एकवीस घरांच्या मौनाचा मी काय अर्थ लावणार होते? मौन म्हणजे संमती, असे म्हणून मी मोकळी झाले असते. पण विचारलेच नसेल तर मौन कशाचे लक्षण?

गंमत अशी, की जुन्या मायन्यातच याचे उत्तर आहे. ‘वि. वि.’ म्हणजे विनंती विशेष. नमस्कारानंतर पहिली जागा विनंतीची. आपण ती दोन अक्षरे लिहून पुढे जातो आणि खरी विनंती शेवटी, एका कर्त्याविना वाक्यात उरकतो.

फोटोतली दीड इंच जागा

आत्याच्या प्रश्नामागे एक ठरावीक फोटो होता. १९७२ साली महेश्वरच्या घाटावर माझ्या वडिलांनी आत्या आणि आतोबांचा फोटो काढला होता. साडेतीन गुणिले पाच इंचाचा, आडवा. आत्या मध्यभागी पायरीवर बसलेली आहे आणि आतोबा उजव्या कडेला उभे राहून हसत आहेत. आतोबा १९७९ साली गेले. त्यांचे हसतानाचे दुसरे चित्र आत्याजवळ नाही.

मोझेकला चौरस लागतो. साडेतीन गुणिले पाचचा चौरस केला की साडेतीन इंच उरतात आणि दीड इंच जातो. मी पाठवलेल्या नमुन्यात हा फोटो होता आणि संगणकाने तो उजवीकडून कापला होता. आत्या होती. आतोबांचा तिच्या खांद्याजवळचा हात तेवढा राहिला होता. मी तो नमुना पाहून पाठवला होता आणि मला ते दिसले नव्हते. तिला पाहताक्षणी दिसले.

मग तिचा प्रश्न मी पुन्हा वाचला. या फोटोचा कुणी ‘आपला’ म्हणावा? तो ज्यांचा आहे ती दोघे, तो ज्याने काढला ते माझे वडील आणि तो ज्यांच्या अल्बममध्ये आहे ते आम्ही. एरवी कायदाही हे वेगवेगळे धरतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता तो काढणारा. मात्र मोबदला देऊन स्टुडिओत काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा. फोटोत दिसणाऱ्या माणसाचे नाव या हिशेबात येत नाही. घरच्या भिंतीवरच्या एका चित्रासाठी कुणी कायदा काढणार नाही. पण घरात परवानगी मागायची ती मुख्यतः त्याच माणसाची, ज्याला हा हिशेब वगळतो.

दुसरे पत्र

सप्टेंबरात मी एकतीस पत्रे वेगवेगळी लिहिली. सांगाडा एक, पण सर्वनाम, मायना आणि फोटोचे वर्णन प्रत्येकाचे वेगळे. मायन्यापाशीच पहिला निर्णय घ्यावा लागला. जुन्या पद्धतीने आत्याला ‘गं. भा.’ लिहायला हवे होते. ज्या पत्रात मी तिच्या नवऱ्यासोबतचा फोटो मागणार, त्याच्या पहिल्याच ओळीत तिचे वैधव्य लिहिणे मला जमले नाही. वडीलधाऱ्यांसाठीचे ‘तीर्थस्वरूप’ पुरेसे होते. तिला लिहिलेले पत्र असे :

“ती. स्व. आत्यास,

शि. सा. न. वि. वि.

तुझा आणि आतोबांचा महेश्वरच्या घाटावरचा फोटो मी एका चित्रात वापरू का, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला साठ वर्षे होतील. त्यांचा स्टुडिओतला लग्नाचा फोटो नात्यातल्या माणसांच्या लहान फोटोंचे चौकोन जोडून उभा करायचा आणि त्यांना द्यायचा, असे आम्ही तिघांनी ठरवले आहे. एकेक चौकोन अर्ध्या इंचाचा असेल. एक फोटो दहाबारा ठिकाणी येईल आणि त्याचा रंग थोडा गडद किंवा फिका होईल. कुठे येईल ते मला ठरवता येणार नाही.

मागे पाठवलेल्या नमुन्यात आतोबांची बाजू कापली गेली होती. ती माझी चूक. फोटो चौकोनात बसवायचा तर दोन मार्ग आहेत. वरखाली पांढरी पट्टी सोडून पूर्ण फोटो घ्यायचा, मग तुम्ही दोघे लहान दिसाल पण दोघेही असाल. किंवा हा फोटो घ्यायचाच नाही. कापून घेणार नाही. मूळ फोटो अल्बममध्येच राहील.

चित्राची एकच प्रत छापू. ती आईबाबांच्या बैठकीत लागेल. समारंभाला येणारी साठ-सत्तर माणसे ती पाहतील. मी ते चित्र कुठेही टाकणार नाही, पण त्या दिवशी कुणी मोबाइलवर त्याचा फोटो काढला तर तो पुढे कुठे जाईल हे माझ्या हातात नाही.

१५ ऑक्टोबरपर्यंत कळव. तोवर केव्हाही विचार बदललास तरी फोटो काढून घेता येईल. छपाई झाल्यावर येणार नाही. तुझे उत्तर आले नाही तर मी फोटो घेणार नाही. नको असेल तर नुसते ‘नको’ कळव, कारण लिहायला नको.

बाबांना हे ठाऊक नाही, म्हणून त्यांच्यापाशी बोलू नकोस.

तुझी, ...”

या पत्रातली काही वाक्ये वर्गात फळ्यावर लिहिण्यासारखी आहेत. ‘वापरू का’ हा प्रश्न आहे आणि त्याला कर्ता आहे : मी. पहिल्या पत्रातले ‘योजिले आहे’ कुणी योजले ते सांगत नव्हते. ‘आम्ही तिघांनी’ इथे ‘आम्ही’ मुद्दाम लिहिले. ठरवणाऱ्यांत आत्या नव्हती, मग तिला ‘आपण’मध्ये ओढणे खोटे झाले असते. ‘उत्तर आले नाही तर घेणार नाही’ या वाक्याने मौनाचा अर्थ उलटा केला. ‘कारण लिहायला नको’ हे मला सर्वांत उशिरा सुचले. आपल्याकडे नकार देताना माणूस कारण देतो आणि कारण दिले की त्यावर वाटाघाट सुरू होते. कारण मागितलेच नाही तर नकार सोपा होतो.

पत्रातल्या शेवटच्या वाक्यात मात्र एक उणीव आहे आणि ती मला दूर करता आली नाही. फोटो काढणारे माझे वडील. भेट अचानक द्यायची असल्यामुळे त्यांना विचारता आले नाही. पत्राची घडण कितीही नीट केली तरी गुपिताशी तिचे पुरते जमत नाही.

उत्तरे कशी वाचावीत

या वेळी एकतीसपैकी सत्तावीस उत्तरे आली. त्यांतली सरळ ‘हो’ होती एकोणीस. दोन सरळ ‘नको’. उरलेल्या सहांची भाषा अशी होती : ‘बघ तुला काय वाटते ते’, ‘तुम्ही ठरवलेच आहे तर’, ‘चालवून घेऊ’, ‘आम्ही काय बोलणार’. परवानगी मागणाऱ्याला ही वाक्ये होकारासारखी ऐकू येतात. बारकाईने पाहिले तर त्यांत निर्णय परत माझ्याकडे ढकललेला आहे. मी त्या सहा घरी फोन केले. चार जणांना खरोखर चालणार होते. दोघींना तो विशिष्ट फोटो नको होता, दुसरा हवा होता. एकीचा फोटो आजारपणातला होता. बोलणार कसे, म्हणून तिने ‘बघ’ लिहिले होते.

एक पत्र अवघड गेले. चुलतभावाच्या घटस्फोटित पत्नीचे. त्याने स्वतःच्या लग्नाच्या फोटोला होकार दिला होता, पण फोटोत ती होती. नाते उरले नव्हते आणि मायन्यातली सारी रूपे नात्याची. ‘सौ. वहिनीस’ लिहिता येत नव्हते, ‘श्रीमती’ फार लांबचे वाटत होते. शेवटी नुसते नाव लिहिले आणि पुढे ‘स. न.’. तिने लग्नाच्या फोटोला नकार दिला आणि लेकीला कडेवर घेतलेला आपला एक फोटो पाठवला. इथे ‘आपला’ म्हणजे स्वतःचा, यात शंका नाही.

नकार आणि अनुत्तरित घरे वजा जाता २८८पैकी २५१ फोटो राहिले. संगणकाने चौकोन नव्याने मांडले आणि एकेका फोटोची पुनरावृत्ती सरासरी बारावरून चौदाच्या जवळ गेली. लांबून चित्रात काही फरक पडला नाही.

वर्गासाठी

हे दोन्ही मजकूर मी आता द्वितीय वर्षाच्या वर्गाला देते आणि तीन कामे सांगते. पहिल्या पत्रातला प्रत्येक ‘आपण’ आणि ‘आपला’ अधोरेखित करून त्याजागी तुम्ही, आम्ही, स्वतः यांपैकी एक शब्द घालून पाहायचा. जिथे दोन शब्द बसतात तिथे पत्र संदिग्ध आहे. मग प्रत्येक विध्यर्थी क्रियापद प्रश्नात बदलायचे. शेवटी मुले तेच पत्र आजी, समवयस्क चुलतबहीण आणि नात्यातून गेलेली व्यक्ती अशा तिघांना लिहितात. पहिल्या दोन कामांत बहुतेकांना चांगले गुण मिळतात. तिसऱ्यात मायन्यापाशीच पेन थांबते आणि वर्गातले खरे बोलणे तिथून सुरू होते.

आत्याचे उत्तर १५ ऑक्टोबरच्या चार दिवस आधी आले : “पूर्ण येत असेल तर घे.” वरखाली पांढऱ्या पट्ट्या असल्यामुळे तो चौकोन उजळ ठरला आणि संगणकाने तो उजळ जागी नेला. छापून आल्यावर आम्ही शोधला तेव्हा तो आईच्या मुंडावळ्यांत सापडला, एकाखाली एक पाच वेळा. समारंभाच्या दिवशी आत्या ग्वाल्हेरहून आली. चष्मा पुसून तिने चित्राजवळ तोंड नेले, पाचही चौकोन मोजले आणि वडिलांना म्हणाली, “दादा, हा तू काढलेला.”